डबा परत आण

मी हे लिहितोय याबद्दल आधी माफी मागतो. आमच्या घरात पुस्तकासारखं काही कोणी लिहिलेलं नाही. अप्पा कापडाच्या दुकानात सेल्समन आहेत, आणि कॉलेजात जाणारा घरातला मी पहिलाच. मराठी आम्ही बोलतो, पण तंजावूरची, तमिळमध्ये मुरलेली. देवनागरी अक्षरं मी फोनवर व्हिडिओ बघून शिकलो, म्हणून कुठे चुकलं तर हसा, पण वाचा. अत्याचं बोलणं मी तुम्हाला कळावं म्हणून थोडं सरळ करून लिहिलं आहे. ती खरी याहून भरभर आणि याहून तिखट बोलते.

अत्या म्हणजे माझ्या अप्पांची थोरली बहीण. राजवाड्यामागच्या गल्लीत आमच्या शेजारच्याच घरात राहते आणि हाताचे मुरुक्कू करते. तुमच्या चकलीसारखा साचा नसतो. तांदळाच्या पिठाची दोरी बोटांनी पिळत पिळत पांढऱ्या कापडावर वेढे घालायचे, एकाभोवती एक, आणि शेवटचं टोक बाहेरच्या वेढ्यावर दाबून चिकटवायचं. टोक नीट दाबलं नाही तर तेलात मुरुक्कू उलगडतो.

लग्नात मुलीकडचे लोक मुलाकडे ताटं घेऊन जातात, त्याला आमच्याकडे सीर म्हणतात. त्या ताटांत पाहुण्यांची नजर पहिली मुरुक्कूवर जाते. इतकी वर्षं अत्यानं सीरचे मुरुक्कू केले ते ताटांचं काम घेणाऱ्या कंत्राटदारांसाठी. ताटाजवळ उभं राहून कोणी विचारलं, "कोणाचे हो?" तर नाव कंत्राटदाराचं सांगितलं जायचं.

मागच्या वर्षी पहिल्यांदा एक बाई सरळ अत्याकडे आल्या. मूळच्या आमच्याच गल्लीतल्या, आता चेन्नईला असतात. मुलीचं लग्न तंजावूरलाच करायचं ठरवलं होतं. ओसरीवर बसून त्यांनी मुरुक्कू मोडला, आवाज ऐकला, खाल्ला आणि म्हणाल्या, "अक्का, घरी विचारून कळवते. येते हं."

"या," अत्या म्हणाली. त्या वळणापर्यंत गेल्या तरी ती दारातच उभी होती.

त्याच महिन्यात आम्हाला कॉलेजात एक छोटी फिल्म करायची होती. मी व्हिज्युअल कम्युनिकेशनला आहे. घरी सगळे त्याला 'फोटोचं कॉलेज' म्हणतात. विषय आपापल्या आसपासचा घ्या, असं मॅमनी सांगितलं होतं. मी अत्याला घेतलं. ती म्हणाली, "कर की. त्या चेन्नईच्या बाईंना पण पाठव. बघू देत, आपलं काम किती स्वच्छ असतं ते."

म्हणजे फिल्म एकच, पण ती दोन ठिकाणी जाणार होती. तेव्हा मला त्यात काही अडचण दिसली नाही.

शूट बरं झालं. शेवट मात्र येईना. मी अत्याला विचारायचो, ती उत्तर द्यायची, आणि प्रत्येक उत्तराच्या शेवटी माझ्याकडे बघून म्हणायची, "आणखी काय सांगू? इतकंच. पुरे का?" ते कापलं तर वाक्य लटकल्यासारखं वाटायचं. ठेवलं तर अत्या माझी परवानगी मागते आहे असं दिसायचं. म्हणून त्यापुढे मी मोठ्या देवळाचं गोपूर लावलं. ते पुरेसं वाटेना, म्हणून कावेरीवरची संध्याकाळ लावली. मग अत्या हात हलवते तो शॉट. मग आभार.

लॅबमध्ये दाखवलं तेव्हा गोपुराला मुलांनी टाळ्या वाजवल्या, संपलं असं समजून. कावेरी आली तेव्हा पुन्हा वाजवल्या. अत्यानं हात हलवला तेव्हा कोणीच वाजवल्या नाहीत.

"तीन वेळा संपली आणि एकदाही संपली नाही," मॅम म्हणाल्या. "फिल्म संपत नाहीये, नुसती फाइल संपतेय."

माझ्या शेजारी माझी वर्गमैत्रीण बसते, गाण्याचं गाव म्हणतात त्या तिरुवैयारूची. ती रोज बसनं येते आणि तिथल्या सगळ्यांसारखी ताल धरून बोलते. ती हळूच म्हणाली, "डेय्, तुझी फिल्म आमच्या गावच्या पाहुण्यांसारखी आहे. निघतो म्हणतात, चप्पल घालतात, आणि दारात अर्धा तास."

मॅमनी मग मला नीट समजावलं. शेवटचं चित्र आधी ठरव. गोपूर सुंदर आहे, पण ते कोणाच्याही फिल्मला लागेल, तुझ्या फिल्मचं नाही. शेवटचं वाक्य म्हणजे बोलणारा गप्प होतो ते नव्हे. त्याचं म्हणणं जिथे पुरं होतं ते वाक्य शोध, पुढचं कापून टाक. आणि फेड, म्हणजे चित्र हळूहळू विरणं, हवा असेल तर त्याच्याखाली काहीतरी असायला हवं. "तू काय करतोस? ती थांबली की लगेच स्टॉप दाबतोस. तिनं श्वाससुद्धा घेतलेला नसतो. चित्र विरायला जागा कुठे आहे?"

हे खरं होतं. माझी प्रत्येक क्लिप शेवटच्या शब्दाला चिकटूनच संपत होती. फोनमधली जागा पुरत नाही, म्हणून बटण लवकर दाबायची सवय मला लहानपणापासून.

मी सगळं फुटेज पुन्हा पाहिलं आणि एक वाक्य सापडलं. पीठ मळता मळता अत्या म्हणाली होती, "हात चालतात तोवर करीन. मग तुम्ही बघा." यापेक्षा पुरं काय असणार? अडचण तीच. 'बघा'नंतर क्लिप संपत होती. फेड लावला की तिचा 'बघा' अर्धा गिळला जायचा. तेव्हा मी शेवटची फ्रेम थांबवली. अत्याचा चेहरा स्थिर झाला, आणि मला हवी तेवढी जागा मिळाली. पण थांबलेल्या चित्रात तिच्या गालावरचा दिव्याचा पिवळा उजेड भडक दिसायला लागला. म्हणून मी हळूहळू रंग काढून घेतला. मग चित्र काळं होऊ दिलं, सावकाश. खाली वीणेचा एक सूर ठेवला.

या वेळी लॅब शांत झाली. मग टाळ्या वाजल्या, एकदाच.

"आता संपली," मॅम म्हणाल्या.

मैत्रीण माझ्याकडे बघत होती. "डेय्, तुझी अत्या बरी आहे ना?"

मला ती दाद वाटली. मी म्हणालो, "थँक्स."

संध्याकाळी मी फिल्म अप्पांना पाठवली, अप्पांनी नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकली, चेन्नईच्या बाईंनाही पाठवली. कौतुकानं. खाली काहीच लिहिलं नाही, कारण अप्पांना काय लिहावं ते सुचलं नाही.

आमच्याकडे कोणी वारलं की भिंतींवर पोस्टर लागतात. मोठा चेहरा, वर 'कण्णीर अंजली', म्हणजे अश्रूंची श्रद्धांजली. हल्ली त्याचे व्हिडिओही फिरतात. माणूस हसत बोलत असतो, मग चेहरा थांबतो, रंग जातो, काळोख होतो. मी असे कितीतरी पाहिले होते. करताना मात्र मला एकही आठवला नाही. मी ते शिकून केलं नव्हतं. जागा नव्हती म्हणून एकेक पायरी करत गेलो आणि नेमका तिथेच पोचलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अत्याकडे कॉफी पीत होतो. तिचा फोन वाजला. हात पिठाचे, म्हणून तिनं स्पीकर लावायला सांगितला. कुंभकोणची एक जुनी गिऱ्हाईक बाई रडत होती.

"कधी झालं हो?"

"काय कधी झालं? मुरुक्कू? आत्ताच तळून काढले."

पलीकडचं रडणं थांबलं. मग बाईंनी विचारलं, "आपण कोण बोलताय?"

"मीच की. दुसरं कोण उचलणार माझा फोन?"

बाईंनी फोन ठेवून दिला. अत्या माझ्याकडे बघायला लागली. मी कॉफीकडे.

दहाच्या सुमारास अप्पांच्या दुकानातले जुने कॅशियर आले. चपला रस्त्यावरच काढून, मान खाली घालून आत आले आणि समोर अत्या कढईजवळ बसलेली. ते बसले ते बसलेच. अत्यानं कॉफी दिली, ती प्यायले. पावसाबद्दल दोन वाक्यं बोलले. मग उठले आणि काही न बोलता चालू लागले.

दुःखाच्या घरून निघताना आमच्यात कोणी 'येतो' म्हणत नाही, गुपचूप निघायचं असतं. बिचारे घरून तसंच मनाशी ठरवून आले असणार, आणि गोंधळात तेवढंच लक्षात राहिलं.

फोन अत्यानं हसण्यावारी नेला होता. हे नाही.

"येतो म्हटलं नाही," ती म्हणाली. "माझ्या हातची कॉफी प्यायला आणि येतो म्हटलं नाही. काय दाखवलंस रे तू लोकांना?"

मी फोन पुढे केला. तिनं फिल्म पहिल्यांदा तेव्हाच पाहिली. मी शेवटी काय ठेवलं ते मी तिला आधी दाखवलंच नव्हतं. चेहरा थांबला तेव्हा तिनं स्क्रीनवर बोट मारलं. तिला वाटलं, फोन अडकला. मग रंग गेला. मग काळं झालं.

"अय्यो," ती म्हणाली. "मी गेलेच की रे."

आणि मग, वेगळ्या आवाजात, "त्या चेन्नईच्या बाईंनी पाहिलं असेल?"

पाहिलं होतं. फोनवर निळ्या खुणा दिसत होत्या. उत्तर नव्हतं.

इथून पुढचे दिवस माझ्या डोक्यात नीट लागत नाहीत. बाई गप्प होत्या, आणि का ते कोणालाच कळेना. अत्या वारली असं त्यांना वाटतंय? की ती आहे हे माहीत आहे, पण लग्नाच्या तोंडावर असला व्हिडिओ आला म्हणून अपशकुन मानला? की व्हिडिओशी काही संबंधच नाही, आणि घरी विचारणं चाललंय? मी अप्पांना म्हणालो, फोन करून विचारा.

"काय विचारू? माझी अक्का जिवंत आहे, मुरुक्कू हवेत का?"

"मेसेज करा."

"काय लिहू मेसेजमध्ये?"

शिवाय सीरचं काम आपण होऊन मागायचं नसतं, बोलावणं त्यांच्याकडून यावं लागतं. अत्या तर त्याबद्दल बोलेचना. मात्र रोज दुपारी फोन शेगडीपासून दूर, ऐकू येईल अशा जागी ठेवू लागली. दोन मोठे डबे तिनं घासूनपुसून उन्हात ठेवले होते, ते आत घेतले.

मी ग्रुपवरून व्हिडिओ काढून टाकला. पण जिथे जिथे पुढे गेला होता तिथून कसा काढणार? दुसरा शेवट करून पाठवणं एवढंच हातात होतं.

मॅमना सांगितलं. त्या हसल्या, मग त्यांना वाईट वाटलं. "पण शेवट म्हणून तो बरोबर होता," असंही म्हणाल्या. यानं मी आणखीच गोंधळलो. बरोबर शेवट म्हणजे माणूस मेल्यासारखा वाटायला हवा का? आणि वाटायला नको असेल, तर मग फिल्म संपली हे लोकांना कळणार कसं? मी विचारलंसुद्धा, पण घाबरत, अर्धंच. त्यांनी काय उत्तर दिलं ते माझ्या लक्षात नाही. एवढं लक्षात आहे की त्या म्हणाल्या, "या वेळी कॅमेरा लवकर बंद करू नकोस."

शनिवारी मैत्रीण माइक धरायला आली. अत्यानं तिला आधी खायला घातलं. मी ठरवून आलो होतो की शेवटचं चित्र चेहरा नाही, हात. शेवटचं टोक दाबून चिकटवणारी बोटं. आणि शेवटचं वाक्य निरोपाचं, कारण कॅशियर न बोलता गेले ते माझ्या मनातून जात नव्हतं. मी मैत्रिणीला म्हणालो, तू दारात जा, येते म्हण. अत्याला म्हणालो, तू 'ये' म्हण.

अत्यानं पदर सारखा केला, कॅमेऱ्याकडे बघितलं आणि भाषण केल्यासारखं म्हणाली, "सर्वांनी अवश्य यावं."

"अत्तै, मी एकटीच आहे," मैत्रीण दारातून म्हणाली.

पुन्हा केलं. या वेळी अत्या लाजली. पुन्हा केलं, तर ती 'ये' आधी म्हणाली आणि मैत्रीण 'येते' नंतर. शेवटी मी नाद सोडला. कॅमेरा तिपाईवर, रोख कापडावर, चालूच. लवकर बंद करायचा नाही एवढंच मी पाळत होतो.

थोड्या वेळानं मैत्रिणीची बस निघायची वेळ झाली. अत्यानं तिला एक डबा भरून दिला. ती चपला घालायला लागली. अत्या पुन्हा बसली आणि वेढे घालायला लागली.

"येते हं, अत्तै," दारातून आवाज आला. आमच्या घरी ऐकून ऐकून तिला तेवढं मराठी येतं.

अत्यानं मान वर केली नाही. टोक बोटानं दाबलं. "ये. डबा परत आण."

आणि पिठाचा पुढचा गोळा उचलला.

मागे कढईत आधीचे मुरुक्कू होते. तळून होत आले की तेलाचा चरचराट आपोआप उतरत जातो. तो माइकमध्ये, दोघींच्या बोलण्याखाली, उतरत गेलेला ऐकू येत होता. मी स्टॉप दाबला नाही. अत्यानं कपाळ पुसलं, कॅमेऱ्याकडे बघितलं आणि विचारलं, "झालं का तुझं?"

सोमवारी लॅबमध्ये बसलो. आता जागा भरपूर होती, आणि त्यामुळे पुन्हा प्रश्न. 'झालं का' ठेवायचं नाही, हे मला कळत होतं. पण 'आण'वर लगेच कापलं तर दार तोंडावर आपटल्यासारखं वाटे. पुढचा गोळा पिळायला लागते तिथपर्यंत गेलो तर बरं वाटे, पण अत्या कपाळ पुसायला लागली की लक्ष उडे. मी मागेपुढे करत राहिलो. शेवटी तिची बोटं नवा वेढा सुरू करतात तिथे फेड लावला. काळ्याची भीती बसली होती, म्हणून पांढरा करून पाहिला.

मैत्रीण मागे येऊन उभी राहिली. "आता ती स्वर्गात चाललीय."

पुन्हा काळा केला, पण छोटा. हात हलते आहेत तोवरच चित्र जातं, कुठे थांबत नाही, रंग जात नाही. वीणा काढली. चित्र गेल्यावरही तेलाचा आवाज थोडा चालू ठेवला. तो स्वतःच उतरत होता, मला विशेष काही करावं लागलं नाही. आभार त्या आवाजावरच, एका पाटीत.

मॅमनी पाहिलं. "फेड अजून थोडा लांब आहे. काही फ्रेम कमी कर," म्हणाल्या. मग उठताना, "पहिला शेवट मला जास्त आवडला होता, खरं सांगते."

मी फ्रेम कमी केल्या. पहिला चांगला की दुसरा, हे मला अजून सांगता येत नाही. वर्गात कोणी मोठ्यानं टाळ्या वाजवल्या नाहीत. एकानं विचारलं, "डबा कसला रे?"

अप्पांनी हा व्हिडिओ चेन्नईच्या बाईंना पाठवला. या वेळी खाली एक ओळ लिहायला आम्ही दोघं ओसरीवर बराच वेळ बसलो. अक्का बरी आहे? नको, आजारी होती असं वाटेल. आधीचा चुकून गेला? मग आधीचा कुठला ते विचारतील. अत्या आतून ओरडली, "काही लिहू नका! मी हलते की त्यात!"

काही न लिहिताच गेला. खुणा निळ्या झाल्या. उत्तर नाही. त्या आठवड्यातही नाही, पुढच्याही नाही. अत्या कंत्राटदाराकडचं काम घेऊ लागली, पुन्हा दुसऱ्याच्या नावावर. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

मग एक दिवस मी कॉलेजच्या स्टॉपवर टाउन बसची वाट बघत होतो. अत्याचा फोन आला. ती फोनवर नेहमीच ओरडते, पण या वेळी मला फोन कानापासून दूर धरावा लागला.

"त्या आल्या होत्या! स्वतः!"

"कोण?"

"चेन्नईच्या. दारातून मला बघितलं आणि उंबऱ्यावरच बसल्या. त्यांना खरंच वाटलं होतं रे मी गेले. गेलेल्या बाईच्या घरी फोन कसा करायचा म्हणून केला नाही, आणि सगळं काम कुंभकोणच्या कंत्राटदारांना सांगून टाकलं. दुसरा व्हिडिओ आला तर म्हणे तो जुना असेल, मी असतानाचा."

"मग?"

"मग मुलीनं पुन्हा पुन्हा लावला म्हणे. ती म्हणाली, अम्मा, डबा परत आण म्हणतेय. कोणी गेलेल्या माणसाचं असलं बोलणं ठेवील का? जाऊन तरी बघ. म्हणून आल्या."

बस आली. मी चढलो नाही.

"काम मिळालं का, अत्या?"

"अर्धं. लाडू, अधिरसम, सगळं गोड कुंभकोणवाल्यांकडेच. शब्द दिलाय, मोडता येत नाही. मुरुक्कू आपले. ताटापाशी नाव आपलं सांगायचं." मागे तेल चरचरत होतं. "निघताना येते म्हणाल्या. आणि विचारत होत्या, व्हिडिओतल्या त्या मुलीनं डबा परत आणला का."

"तू काय सांगितलंस?"

"काय सांगणार? अजून नाही."